‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा? एका उत्तरपत्रिकेतल्या सहा ओळींचा अभ्यास

सरळसेवा भरतीच्या तयारीला बसलेल्या एका विद्यार्थिनीचं हे प्रकरण. मराठी व्याकरणात तिची गती चांगली होती. प्रयोग, समास, विभक्ती यांत तिचे गुण सहसा जात नसत, अलंकारांत मात्र हमखास जायचे. तिच्याकडे गाईडमधून उतरवलेला एक तक्ता होता आणि तो तिला तोंडपाठ होता: सारखा, सम, समान, प्रमाणे, परी, जसे-तसे, वाणी, गत दिसले की उपमा, जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे दिसले की उत्प्रेक्षा, म्हणजे, केवळ, साक्षात, च दिसले की रूपक, आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की अनुप्रास. हा तक्ता चुकीचा नाही. बऱ्याच पुस्तकांत तो याच रूपात असतो आणि सरळ प्रश्नांना पुरतोही. तो अपुरा कुठे पडतो हे दोघांनाही कळावं म्हणून मी तिला सहा जोडओळींची एक छोटी सराव प्रश्नपत्रिका दिली. ओळी मीच रचल्या होत्या. नेहमीची उदाहरणं दिली असती तर तिने ती पाठांतरावर सोडवली असती आणि तिचा विचार कुठे अडतो ते दिसलं नसतं.

प्रश्नपत्रिका अशी होती. प्रत्येक ओळीसमोर उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अनुप्रास हेच चार पर्याय.

१) सारखी सळसळ सागाच्या पानांत,
सरसर सर आली सांजेच्या रानात.

२) पिकल्या कणसाने ताट जसे लवते,
ज्ञानाने भरले मन तैसे नमते.

३) दूर्वांच्या टोकांशी दव हे थबकले,
वाटे, जाता जाता रात्रीने मोती सांडले.

४) नदीकाठी बाभूळ लवली अशी,
मुख पाहण्या आरशात वाकली जशी.

५) देह झाला शेत, नाम ते बियाणे,
भक्तीच्या पाटाने पाणी त्याला देणे.

६) बाळाचे मुखकमल हसता उमलले,
माउलीचे नेत्रभृंग तेथे गुंतले.

तिची उत्तरं: पहिली उपमा, दुसरी उपमा, तिसरी उत्प्रेक्षा, चौथी उपमा, सहावी अनुप्रास. पाचवीपुढे आधी ‘उपमा’ लिहून खोडलं होतं, मग ‘रूपक’ लिहून त्यावर प्रश्नचिन्ह काढलं होतं. म्हणजे दुसरी आणि तिसरी बरोबर, पाचवी अधांतरी आणि बाकीच्या तीन चुकलेल्या. गुणांपेक्षा मला तिच्या पेन्सिलच्या खुणा महत्त्वाच्या वाटल्या. पहिल्या ओळीत ‘सारखी’भोवती गोल होता, दुसरीत ‘जसे’ आणि ‘तैसे’भोवती, तिसरीत ‘वाटे’भोवती, चौथीत ‘जशी’भोवती. सहावीत एकही शब्द गोलात नव्हता, पण म आणि ल या अक्षरांखाली बारीक टिंबं दिली होती. यावरून तिची रीत स्पष्ट दिसत होती. आधी ओळखीचा शब्द शोधायचा, तो सापडला की अलंकार ठरला. नाही सापडला तर अक्षरं मोजायची. ओळ काय म्हणते आहे हा प्रश्न या सगळ्यात कुठेच येत नव्हता. बरोबर आलेली दोन उत्तरंही याच वाटेने आलेली होती, त्यामुळे तीही भरवशाची नव्हती.

सुरुवात पहिल्या ओळीपासून केली, कारण तिथली चूक सगळ्यात लवकर उलगडते. मी तिला म्हटलं, “सळसळ कशासारखी आहे ते सांग.” तिने ओळ पुन्हा वाचली आणि थांबली. “सर, कशासारखीच नाहीये. सारखी म्हणजे एकसारखी, न थांबता.” तिने अर्थ पकडला आणि गोल खोडला. ‘सारखा’ हा शब्द मराठीत दोन कामं करतो. ‘चंद्रासारखा’ यात तो आधीच्या नामाला चिकटून येतो आणि त्या नामाचं सामान्यरूप होतं. ‘पाऊस सारखा पडतोय’ यात तो सुटा असतो आणि काळ सांगतो. नुसतं एवढं पाहिलं तरी हा सापळा टळतो. तक्त्यातल्या इतर शब्दांचंही हेच आहे. ‘गुरूच्या आज्ञेप्रमाणे’ मध्ये तुलना नाही, ‘मला घरी जावंसं वाटे’ मध्ये कल्पना नाही, जुन्या काव्यात ‘परी’ पुष्कळदा ‘पण’ या अर्थाने येतं आणि ‘संतांची वाणी’ मधली वाणी म्हणजे बोलणं. त्यामुळे शब्द सापडला तर तो साम्य सांगण्याच्या कामावर आहे का, हे आधी पाहायचं.

मग या ओळीत आहे काय? इथे तिला एक जुनी कसोटी दिली. संस्कृत काव्यशास्त्रात शब्दालंकार आणि अर्थालंकार वेगळे करताना तीच वापरतात. ओळीतले शब्द काढून त्याच अर्थाचे दुसरे शब्द घालायचे. अलंकार टिकला तर तो अर्थाचा, मोडला तर शब्दाचा. तिने तिथेच पहिली ओळ बदलून लिहिली: ‘अखंड कुजबुज झाडांच्या पानांत, भरभर पाऊस आला संध्याकाळच्या रानात.’ चित्र तेच राहिलं, पण कानाला जे गोड लागत होतं ते गेलं. मूळ ओळीत स आठ वेळा आला होता. बदललेल्या ओळीत तो ‘पाऊस’ आणि ‘संध्याकाळ’ यांत मिळून दोनदाच उरला, तोही कानाला जाणवत नाही. म्हणजे हा अनुप्रास.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाश या ग्रंथात अनुप्रासाची व्याख्या फार थोडक्यात केली आहे: ‘वर्णसाम्यमनुप्रासः’. वर्ण सारखे असणं म्हणजे अनुप्रास. त्याने पुढे हेही सांगितलं आहे की स्वर वेगळे असले तरी चालतात, व्यंजन तेच हवं. म्हणून सा, स, सां हे सगळे एकाच हिशेबात धरायचे. तिला वाटत होतं की अक्षर हुबेहूब तेच लागतं, म्हणून ‘सागाच्या’ आणि ‘सांजेच्या’ मधला स तिने धरलाच नव्हता. हुबेहूब अक्षरांचा गट पुन्हा येऊन अर्थ बदलणं हा यमकाचा विषय. ‘वाटे आता जावे माहेराच्या वाटे’ यात पहिलं ‘वाटे’ मनातलं, दुसरं रस्त्याचं. ते आपल्या चार पर्यायांच्या बाहेरचं आहे, म्हणून तिथे थांबलो नाही.

आता अर्थाचे तीन. उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांचा कच्चा माल एकच असतो: एक समोरची गोष्ट आणि एक आठवलेली किंवा कल्पिलेली गोष्ट. जिच्याविषयी कवी बोलतोय ती उपमेय, जिची आठवण काढतोय ती उपमान. हे तिला माहीत होतं. पण तिघांत फरक काय, असं विचारलं तेव्हा तिने पुन्हा शब्दांचीच नावं घेतली. म्हणून तिसऱ्या ओळीतलं दव घेतलं आणि तिला सांगितलं की हीच गोष्ट तिन्ही प्रकारांनी लिही. थोडं अडखळत तिने लिहिलं: ‘दूर्वांवरचं दव मोत्यांसारखं चमकतं’, ‘दूर्वांवर दव, जणू रात्रीने मोती सांडले’, ‘दूर्वांनी दवाचे मोती ल्याले’.

तिन्ही वाक्यं एकाखाली एक आली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला: “प्रत्येक वाक्यातल्या कवीला कुणी म्हणालं, अहो, हे दव आहे, मोती नाहीत, तर तो काय उत्तर देईल?” पहिला कवी म्हणेल, बरोबर, मी कुठे मोती म्हटलं, चमक सारखी आहे एवढंच म्हणतोय. दुसरा म्हणेल, मलाही माहीत आहे, पण पाहताना तसं वाटून गेलं. तिसरा ऐकूनच घेणार नाही. त्याच्या वाक्यात दूर्वांनी मोती अंगावर घातलेसुद्धा. मम्मटाच्या व्याख्या याच क्रमाने बसतात. उपमेविषयी तो म्हणतो ‘साधर्म्यमुपमा भेदे’, म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या राहून त्यांच्यात सारखेपणा. उत्प्रेक्षेत संभावना, म्हणजे प्रस्तुत गोष्ट दुसरीच असावी अशी कल्पना. रूपकात ‘अभेदो य उपमानोपमेययोः’, दोघांमध्ये भेदच उरत नाही. मला तरी हा ‘भेद’ शब्द तक्त्यातल्या सगळ्या शब्दांपेक्षा उपयोगी वाटतो. भेद कवीने राखला आहे, हलवला आहे की पुसला आहे, एवढं कळलं की नाव आपोआप येतं.

दुसरी ओळ या कसोटीवर लगेच सुटते. ज्वारीचं ताट कणीस भरलं की वाकतं, ज्ञानाने भरलेलं मन नम्र होतं. ताट ताटच आहे, मन मनच आहे आणि दोघांत समान काय तर भरल्यावर लवणं. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द हे चारही घटक समोर आहेत. तिचं उत्तर आधीही उपमाच होतं, पण आता तिने साधारण धर्म शोधून दाखवला. उपमा म्हणताना तो दाखवता यायला हवा, हे मी आग्रहाने सांगतो. कारण सारखेपणाची साधी माहितीही असू शकते. ‘नीलगाय दिसायला गाईसारखी असते’ हे प्राणिशास्त्रातलं वाक्य झालं. त्यात साम्य आहे, सौंदर्य नाही, म्हणून अलंकारही नाही.

खरा वाद चौथ्या ओळीवर झाला आणि मला तो व्हायलाच हवा होता.

तिचं म्हणणं सरळ होतं. “सर, इथे ‘अशी… जशी’ आहे. दुसऱ्या ओळीत ‘जसे… तैसे’ होतं तेव्हा उपमा बरोबर धरली. मग इथे का नाही?” प्रश्न रास्त होता. शब्द उपमेच्या घरातला आहे हे खरंच. मी म्हटलं, “ठीक आहे, मग उपमान दाखव. बाभळीची तुलना कशाशी केली?” ती म्हणाली, “आरशात पाहणाऱ्या बाईशी.” पण ओळीत बाई कुठेच नाही. मग म्हणाली, “आरशाशी.” आरशाशीही बाभळीची तुलना नाही. शेवटी तिच्या लक्षात आलं की दुसरी गोष्ट ओळीत आहेच कुठे? वाकणारी बाभूळच आहे, आरशात पाहायला वाकणारीही बाभूळच आहे. कवीने दुसरी वस्तू आणलेली नाही, बाभळीच्या वाकण्याला एक हेतू जोडला आहे. झाडाला असा हेतू नसतो. बाभूळ काठची माती ढासळल्यामुळे वाकली असेल, नाहीतर उजेडाच्या ओढीने. तरी कवी म्हणतो, मुख पाहायलाच वाकली असावी. हे ‘असावी’ म्हणजेच संभावना. उत्तर उत्प्रेक्षा.

यात दोन गोष्टी नीट समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे उत्प्रेक्षेत कल्पिलेली गोष्ट नेहमी वस्तूच असेल असं नाही. तिसऱ्या ओळीत दवाच्या जागी मोती, तिथे वस्तूची कल्पना आहे. चौथीत हेतूची आहे. कधी कारणाचीही असते. ‘लाजेने कमळं मिटली जणू’ असं म्हटलं तर कमळं मिटण्याचं खरं कारण ऊन उतरणं हे आहे, कवीने त्याजागी लाज बसवली. उत्प्रेक्षेचे वस्तू, हेतू आणि फल असे भेद करतात ते यावरूनच. तिथे ‘हेतू’ म्हणजे कारण आणि ‘फल’ म्हणजे ज्यासाठी क्रिया होते ते. बाभळीची ओळ या हिशेबाने फलोत्प्रेक्षा. परीक्षेला ही नावं लागत नाहीत, पण कारण आणि हेतूची कल्पनाही उत्प्रेक्षाच असते हे माहीत नसेल तर विद्यार्थी दुसरी वस्तू शोधत बसतो आणि सापडली नाही की गोंधळतो.

दुसरी गोष्ट अशी की एकच शब्द दोन्ही घरांत राहू शकतो आणि हा वाद आजचा नाही. संस्कृतात ‘इव’ हा उपमेचा ठरलेला शब्द. मृच्छकटिक या संस्कृत नाटकात अंधाराचं एक वर्णन आहे: ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः’. अंधार जणू अंगाला लेप देतोय, आकाश जणू काजळाचा वर्षाव करतंय. यात दोनदा ‘इव’ आलं आहे. काव्यशास्त्रकार दंडीने काव्यादर्श या ग्रंथात हीच ओळ घेऊन सांगितलं की नुसत्या ‘इव’मुळे याला उपमा म्हणणं ही भूल आहे. ‘लेप देतो’ हे क्रियापद आहे, क्रियापद उपमान कसं होईल? अंधाराची तुलना कशाशी असं विचारलं तर उत्तर सापडत नाही. म्हणून ही उत्प्रेक्षा. आमच्या बाभळीच्या ओळीत नेमकं हेच घडलं आहे. ‘वाकली जशी’ मध्ये ‘जशी’ क्रियापदाला चिकटून आली आहे, तिचा अर्थ ‘जणू वाकली’ असाच आहे. तुलनेचा शब्द नामाला जोडला आहे की क्रियापदाला हे पाहणं मराठीतही फार उपयोगी पडतं. ‘हरिणीजशी धावली’ मध्ये तो हरिणीला जोडला आहे, म्हणून उपमा. ‘धावली जशी वाऱ्याने उचलली’ मध्ये तो उचलण्याला जोडला आहे, म्हणून उत्प्रेक्षा. हा नियम शंभर टक्के ओळींना लागू पडतो असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या ओळीतही ‘जसे लवते’ असं क्रियापद शेजारी होतंच. पण तिथे ताट खरोखर लवतं, शेतात जाऊन पाहता येतं. उपमान जगात मिळणारं आहे की कवीच्या मनातलं, हा प्रश्न शेवटी निकाल देतो.

बाभळीच्या ओळीत ‘आरसा’ म्हणजे पाणी आणि पाण्याचं नावही न घेता त्याला आरसाच म्हटलंय, हे तिने स्वतःहून दाखवलं. तसं पाहिलं तर तिथे भेद पुसला गेलाय. मग या ओळीला रूपक का म्हणू नये? कारण ओळीचा कणा वाकण्यावर आहे, आरसा त्या कल्पनेच्या पोटात आला आहे. एकाच ओळीत दोन अलंकार असणं काव्यात नेहमीचं. प्रश्नात मात्र मुख्य कोणता हे निवडायचं असतं. मुख्य ओळखायला मी तिला सांगितलं की प्रत्येक अलंकार एकेकदा काढून बघ. ‘आरशात’ऐवजी ‘पाण्यात’ लिहिलं तरी बाभूळ मुख पाहायला वाकलेलीच राहते. ‘मुख पाहण्या’ काढलं तर ओळच कोसळते.

पाचवी ओळ वाचताना ती अडखळली होती ती ‘झाला’ या शब्दाशी. तक्त्यात म्हणजे, केवळ, साक्षात, च होतं, ‘झाला’ नव्हतं. तरी तिच्या कानाने ओळखलं होतं की इथे ‘शेतासारखा’ म्हणून भागणार नाही, म्हणून तिने उपमा खोडली. खोडलेलं ते उत्तर मला पत्रिकेतलं सगळ्यात आशादायक वाटलं. देह शेत, नाम बियाणं, भक्ती पाट: एकदा शेत म्हटल्यावर कवीने शेतीचा सगळा संसार उभा केला आहे. रूपकाची मोठी खूण हीच. अभेद मानला की उपमानाच्या घरची माणसंही सोबत येतात. ‘देह शेतासारखा आहे’ असं म्हटल्यावर बियाणं आणि पाट आणायची गरज पडत नाही. ‘देह झाला शेत’ म्हटल्यावर कुणी पेरणार, कुणी पाणी देणार हे ओघाने येतं. अंगांसकट आलेल्या अशा रूपकाला सांगरूपक म्हणतात.

‘भक्तीचा पाट’ यातली षष्ठी तिला खटकत होती. भक्तीचा म्हणजे भक्तीच्या मालकीचा का? नाही, भक्ती हाच पाट. मराठीत रूपकाची ही फार रुळलेली घडण आहे: ज्ञानाचा दिवा, संसाराचा सागर, मोहाचं जाळं. तुकोबांच्या ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें, शब्दांचींच शस्त्रें यत्नें करूं’ या ओळीत रत्नं शब्दांच्या मालकीची नाहीत, शब्दच रत्नं आहेत. कसोटी सोपी आहे: ‘चा, ची, चे’ काढून ‘हाच, हीच, हेच’ घालायचं. ‘भक्ती हाच पाट’ बसतं. ‘शेतकऱ्याचा पाट’ मध्ये ‘शेतकरी हाच पाट’ बसत नाही, कारण तिथे साधा संबंध आहे. ही अदलाबदल तिने चार-पाच जोड्यांवर करून पाहिली आणि मग रूपकासाठी ‘च’ शोधत बसणं तिने सोडून दिलं.

राहिली सहावी. इथे तिला तुलनेचा शब्द दिसला नाही, म्हणून अक्षरं मोजली आणि म चार वेळा, ल पाच वेळा भरल्यावर अनुप्रास लिहिलं. मोजणी बरोबर होती. पण पर्यायशब्दाची कसोटी लावायला सांगितली तेव्हा तिने ‘मुखकमल’चं ‘वदनपद्म’ केलं, ‘उमलले’चं ‘विकसले’, ‘नेत्रभृंग’चं ‘लोचनभ्रमर’, ‘माउली’ची ‘जननी’. नाद बदलला, पण मुख कमळच राहिलं आणि डोळे भुंगेच. अलंकार अर्थात आहे, म्हणून टिकला. इथे म आणि ल यांची गोडी आहे हे खरं, पण ती ओळीच्या चालीत मिसळली आहे. कोणतीही मराठी जोडओळ घेतली तर त्यात कुठलं तरी अक्षर चार-पाच वेळा सापडतंच. अनुप्रास म्हणायला ती आवृत्ती कानावर येऊन आदळायला हवी, शोधावी लागता कामा नये. मोठ्याने वाचल्यावर पहिल्या ओळीतला स ऐकू येतो. सहाव्या ओळीतला म टिंबं देऊन शोधावा लागला. म्हणून अनुप्रासाच्या प्रश्नात डोळ्याआधी कान वापरायचा.

पण तिने इथे एक शंका काढली आणि ती समासाच्या प्रकरणातून आली होती. मुखकमल हा कर्मधारय, त्याचा विग्रह पुस्तकात ‘कमळासारखे मुख’ असा दिलेला असतो. विद्याधनचा विग्रह मात्र ‘विद्या हेच धन’. मग विग्रहात ‘सारखे’ असलेल्या शब्दाला रूपक कसं म्हणायचं? ही शंका काढायला डोळसपणा लागतो. मुखचंद्र, मुखकमल असे शब्द दोन्ही बाजूंनी सोडवता येतात याची दखल संस्कृत आलंकारिकांनीही घेतली आहे. त्यांचा तोडगा असा की सुटा शब्द पाहायचा नाही, वाक्यातली क्रिया कोणाला शोभते ते पाहायचं. ‘आईने बाळाचे मुखकमल पदराने पुसले’ असं वाक्य असेल तर पुसलं जातं ते मुख, कमळ नव्हे. क्रिया उपमेयाच्या बाजूची, म्हणून ‘कमळासारखे मुख’, उपमा. आमच्या ओळीत मुखकमल ‘उमलले’ आणि त्यात भृंग गुंतले. नुसतं उमलणं पुरेसं नाही, कारण चेहरा उमलला असं आपण रोजही म्हणतो. पण भुंगे गुंततात ते कमळातच. त्या भृंगांनी निकाल लागला: इथे मुख हेच कमळ, नेत्र हेच भृंग, म्हणून रूपक.

इथे परीक्षेपुरती एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. शालेय पुस्तकं आणि बरीच गाईडं असे जोडशब्द दिसले की सरसकट रूपक म्हणतात. क्रिया बघण्याइतकं बारीक कुणी जात नाही. प्रश्नात ‘चरणकमळी माथा ठेविला’ अशी ओळ आली, तर माथा पायांवर ठेवतात, कमळावर नाही, म्हणून शास्त्राने ती उपमेकडे झुकते. तरी उत्तरतालिकेत रूपकच असण्याची शक्यता जास्त. तिला मी रूपकच लिहायला सांगितलं. मात्र पर्यायांत उपमाही असेल आणि उत्तरतालिका वेगळी आली, तर ओळीतली क्रिया दाखवून हरकत घेता येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो आणि त्यावर उमेदवारांच्या हरकती मागवतो. अशी हरकत ‘पुस्तकात असं आहे’ एवढ्यावर टिकत नाही. उपमेय कोणतं, उपमान कोणतं आणि क्रिया कोणाची हे मांडावं लागतं.

पत्रिका पुरी झाल्यावर तिने एक ओळ स्वतः आणली: ‘दवापुढे मोती फिके पडले’. तिने भेद पाहिला, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत म्हणून उपमा म्हणाली, मग थबकली. सारखेपणा कुठे आहे? दव वरचढ ठरलं आहे. उपमेय उपमानापेक्षा सरस ठरलं की तो व्यतिरेक. ज्ञानेश्वरांनी आपल्या मराठी बोलाविषयी ‘परि अमृतातेंहि पैजां जिंके’ म्हटलं तेही याच जातीचं. चार पर्यायांत न बसणारी ओळ तिने ओढूनताणून चारांत बसवली नाही, हे मला तिच्या आधीच्या उत्तरांच्या तुलनेत मोठं पाऊल वाटलं.

पुढच्या सरावात तिने खुणा करणं सोडलेलं नाही, फक्त त्यांची जागा बदलली आहे. आता ती उपमेयाखाली एक रेघ आणि उपमानाखाली दोन रेघा मारते. दोन रेघा मारायला ओळीत काहीच सापडलं नाही तर कारण किंवा हेतूची कल्पना आहे का ते पाहते आणि तेही नसेल तर ओळ मोठ्याने वाचते. गती थोडी मंदावली आहे. एका प्रश्नाला आधी लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ जातो आणि भरतीच्या परीक्षेत हा तोटा खरा आहे. म्हणून सरळ प्रश्नात तक्ता वापरायचा आणि शब्द संशयास्पद वाटला, किंवा शब्दच नसला, तरच रेघा मारायच्या, असं आम्ही ठरवलं. उत्प्रेक्षा आणि उपमा यांच्या सीमेवरच्या ओळी अजून तिला अडवतात, विशेषतः ‘भासे’ असलेल्या. ‘दूरचा डोंगर ढगासारखा भासे’ यात दोन्ही घरचे शब्द एकत्र आले आहेत. तिने उपमा म्हटलं, कारण ढग जगात आहे, ‘सारखा’ ढगाला जोडला आहे आणि डोंगर हा ढगच असावा अशी कल्पना कवीने केलेली नाही. मला तिचं उत्तर पटलं. पण ‘सारखा’ काढून ओळ ‘दूरचा डोंगर ढगच भासे’ अशी केली तर काय, या प्रश्नावर सध्या तिची वही उघडी आहे. एका पानावर तिने उत्प्रेक्षेच्या बाजूने लिहिलं आहे, समोरच्या पानावर ‘च’ मुळे रूपक होतं का ते तपासायला घेतलं आहे.